वखारीतला माल आणि वहीतली किंमत

लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहण्याआधी मुंबईतल्या गुजराती, मारवाडी पेढ्यांत एक रुक्ष काम उरकावे लागे : वखारीतला शिल्लक माल मोजणे. आकारणी वर्ष १९८९-९० पासून आयकरासाठी सर्वांना ३१ मार्च हीच वर्षअखेर सक्तीची झाली. त्याआधी अनेक पेढ्यांचे वर्ष दिवाळीलाच संपत असे. माल मोजणे सोपे. तराजू आणि हमाल असले की झाले. खरी अडचण पुढची असते. मोजलेल्या मालाला भाव कोणता लावायचा? वर्षभरात तोच माल तीन वेगवेगळ्या भावांनी आलेला असतो आणि एकदा ढिगात मिसळला की कोणत्या किलोची खरेदी कितीची, हे कोणालाच सांगता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तांब्याच्या पत्र्याच्या एका व्यापाऱ्याने वर्षात तीनदा प्रत्येकी १०० किलो पत्रा घेतला : पहिल्यांदा ६०० रुपये किलोने, मग ७०० ने, शेवटी ८०० ने. वर्षभरात २०० किलो पत्रा ८५० रुपयांनी विकला गेला. विक्री झाली १,७०,००० रुपये. वखारीत १०० किलो उरला. आता नफा किती?

‘आधी आलेला माल आधी गेला’ असे धरले, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्याला फिफो म्हणतात ती रीत वापरली, तर विकलेल्या मालाची किंमत १,३०,००० होते. नफा ४०,००० आणि शिल्लक माल ८०,००० रुपयांचा. सरासरी काढली, तर भाव ७०० येतो आणि नफा ३०,०००. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरले, म्हणजे लिफो वापरली, तर नफा फक्त २०,००० उरतो. पत्रा तोच, गिऱ्हाइके तीच, गल्ल्यातली रोकडही तीच. बदलली ती केवळ वहीतली एक समजूत, आणि तेवढ्याने नफा दुप्पट किंवा निम्मा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढच्या वर्षी उरलेला १०० किलो पत्रा त्याच ८५० च्या भावाने विकला आणि नवी खरेदी केलीच नाही, तर फिफोत ५,०००, सरासरीत १५,००० आणि लिफोत २५,००० नफा दिसेल. दोन्ही वर्षांची बेरीज तिन्ही रीतींत ४५,००० च येते. म्हणजे रीत नफा निर्माण करत नाही; तो कोणत्या वर्षाच्या पदरात पडेल एवढेच ठरवते. पण कर दरवर्षी भरायचा असतो, भागीदार दरवर्षी नफा उचलतात आणि कामगारांचा बोनसही त्या त्या वर्षाच्या नफ्यावर ठरतो. म्हणून हा ‘एवढेच’ फार मोठा ठरतो.

हाच वाद कॅनडातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. ॲनाकोंडा अमेरिकन ब्रास ही कंपनी तांबे आणि जस्त घेऊन पितळेचे पत्रे, कांबी आणि नळ्या बनवत असे. महायुद्धाच्या काळात धातूंच्या भावांवर सरकारी नियंत्रण होते. १९४७ साली ते उठले आणि भाव उसळले. कंपनीने त्या वर्षाचा नफा लिफोने काढून कर भरायचे ठरवले. कर खात्याने फिफोचा आग्रह धरला. कंपनीचे म्हणणे व्यापाऱ्याच्या मनाला पटणारे होते. कारखाना चालू ठेवायचा तर गेलेल्या धातूच्या जागी चढ्या भावाचा धातू आणावाच लागतो. मग जुन्या स्वस्त धातूवर दिसणारा नफा हातात राहतोच कुठे? आपल्या पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे पाहा. विकलेला २०० किलो माल ८०० च्या भावाने पुन्हा भरायला १,६०,००० रुपये लागतील. विक्रीतून उरतील १०,००० रुपये आणि वही तर म्हणते नफा ४०,०००.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. १९५५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. शेवटी आलेला धातूच प्रत्यक्षात आधी वापरला जातो, असे कंपनीलाही म्हणायचे नव्हते. वर्षानुवर्षे मागच्या भावाचा माल वखारीत पडून आहे असे वहीत दाखवत राहिले, तर ताळेबंदात एक छुपी गंगाजळी साठत जाते, हा धोका न्यायाधीशांनी ओळखला. अमेरिकेने मात्र १९३९ च्या कायद्याने लिफोची वाट सर्वांना मोकळी करून दिली होती. त्यातली एक अट अशी : करासाठी लिफो वापराल, तर भागधारकांनाही त्याच रीतीचा, म्हणजे कमी, नफा दाखवावा लागेल. भारतात सनदी लेखापाल संस्थेच्या १९८१ च्या मानकात लिफोला जागा होती. १९९९ च्या सुधारणेत ती गेली आणि एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालासाठी फिफो व भारित सरासरी या दोनच रीती उरल्या.

औषधांच्या धंद्यात आणखी एक नाव ऐकू येते : फेफो, म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर. पुष्कळदा ती फिफोची बहीण समजली जाते. मुळात हा नियम फडताळाचा आहे, वहीचा नाही. समजा, दुकानदाराने एका गोळीच्या १०० पट्ट्या जूनमध्ये ४० रुपयांनी घेतल्या, मुदत पुढच्या डिसेंबरची. ऑगस्टमध्ये आणखी १०० पट्ट्या ३६ ला मिळाल्या, कारण त्यांची मुदत मार्चमध्येच संपत होती. शहाणा दुकानदार ऑगस्टच्या पट्ट्या आधी विकतो. वही फिफोने चालत असेल, तर ती मात्र विकलेल्या पट्टीला ४० रुपयेच लावते. पहिल्या १०० पट्ट्या ५० ने विकल्या, तर वहीत नफा १,००० रुपये दिसतो. प्रत्यक्ष गेलेल्या पट्ट्यांच्या किमतीने तो १,४०० असतो. प्रत्येक बॅचची खरेदी वेगळी नोंदवली, तरच फडताळ आणि वही जुळतात.

ही तफावत दुसरी शंभरी विकली की मिटते. न मिटणारे नुकसान वेगळे असते. फडताळावर हा नियम पाळला नाही आणि मार्च उलटला, तर ३६ रुपयांच्या त्या पट्ट्यांची किंमत शून्य होते. वखारीत त्या मोजल्या जातात, म्हणून नगाचा मेळ बरोबर बसतो; पण शिल्लक मालाची रक्कम फुगलेली राहते आणि तेवढाच नफाही. नग मोजताना मुदतीची तारीख लिहून घेतली, तरच हे उघडे पडते.

वहीतला नफा धंद्याचा की चढत्या भावाचा, हे ओळखण्याची खूण साधी आहे. भाव चढत असताना फिफोच्या वहीत विक्रीमागचा नफ्याचा टक्का वाढतो. पण माल पुन्हा भरताना रोकड अपुरी पडू लागते. भाव उतरले की हीच वही उलटी फिरते. महाग घेतलेला माल आधी खर्ची पडतो आणि चांगली विक्री होऊनही वर्ष वाईट दिसते. सरासरी दोन्ही टोके बोथट करते. तिचा दोष इतकाच, की ती कोणत्याच खऱ्या खरेदीचा भाव सांगत नाही. म्हणून जुन्या पेढीचा हिशेब अभ्यासताना नफ्याच्या आकड्याकडे वळण्याआधी अखेरच्या शिल्लक मालाला कोणता भाव लावला होता ते पाहावे, आणि तीच रीत आदल्या वर्षीही होती का तेही. मधल्या वर्षी रीत बदललेली असेल, तर त्या दोन वर्षांच्या नफ्याची तुलना करता येत नाही.