अ जीवनसत्त्वाचा अतिरेक, गरोदरपणातील

गर्भाच्या वाढीला अ जीवनसत्त्व लागतेच, पण त्याचे रेटिनॉल हे तयार रूप प्रमाणाबाहेर गेले तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. प्राण्यांचे यकृत, कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि पुष्कळशा मल्टिव्हिटॅमिन गोळ्या यांत ते असते. गाजर, पालेभाज्या, आंबा यांतल्या बीटा-कॅरोटीनची गोष्ट वेगळी. त्यापासून शरीर गरजेपुरतेच रेटिनॉल बनवते, त्यामुळे या पदार्थांची भीती बाळगू नये.

रेटिनॉलपासून बनणारे रेटिनॉइक आम्ल गर्भातील पेशींना कोणता अवयव घडवायचा याचे संकेत देते. हे संकेत अति झाले की चेहरा, कान, हृदय आणि मेंदू यांच्या घडणीत दोष राहू शकतात. धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, आणि तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून गोळ्यांची तपासणी मूल हवे असे ठरवतानाच व्हायला हवी. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि यकृतात साठते. जास्तीचे लघवीवाटे सहज निघून जात नाही.

प्रौढांसाठी रेटिनॉलची कमाल दैनंदिन मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू मानतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पूरक गोळ्यांतून याहून अधिक रेटिनॉल घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत व्यंगे जास्त आढळली. पुढच्या काही अभ्यासांत नेमक्या याच मात्रेला तसा धोका दिसला नाही. तरीही ती मर्यादा पाळणेच शहाणपणाचे.

वेष्टनावर ‘व्हिटॅमिन ए’पुढे ॲसिटेट किंवा पाल्मिटेट असे लिहिलेले असेल, तर ते रेटिनॉल समजावे. मग एकक पाहावे: रेटिनॉलच्या १ आययूला ०.३ मायक्रोग्रॅम. लिहिलेला आकडा एका गोळीचा की दिवसाच्या पूर्ण मात्रेचा, हेही वाचावे. फसगत बहुधा इथेच होते. समजा, मल्टिव्हिटॅमिनच्या एका गोळीत ५००० आययू आहेत, माशाच्या तेलाच्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये २५०० आहेत आणि कॅप्सूल रोज दोन घ्यायच्या आहेत. त्यावर प्रोटीन पावडरमधले ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २००० आययू. एकेक वस्तू मर्यादेत, पण बेरीज १२,००० आययू. अशी बेरीज दिसली तर सगळी वेष्टने डॉक्टरांपुढे ठेवावीत. त्यांनी दिलेल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र या भीतीपोटी बंद करू नयेत.

ड जीवनसत्त्वाबाबतही असाच घोटाळा होतो. ६०,००० आययूची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा घेण्यासाठी लिहून दिलेली असते. ती रोज घेतली गेली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठता होते आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन बेसुमार असू शकते. त्याने गर्भाच्या थायरॉईडचे काम मंदावते, म्हणून गरोदरपणी त्या टाळाव्यात.