डीप फोकस म्हणजे काय? सगळंच स्पष्ट दिसत असताना नजर जाते कुठे?

पोर्ट्रेट मोडमुळे मागचं धूसर झालं की फोटो 'प्रोफेशनल' वाटतो. पण ही धूसरता फोन बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने तयार करतो. तुमच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा मूळ स्वभाव याच्या अगदी उलट आहे: जवळचं, मधलं आणि लांबचं, सगळंच स्पष्ट दाखवण्याचा. यालाच डीप फोकस म्हणतात. फ्रेममधला जेवढ्या अंतराचा पट्टा डोळ्यांना स्पष्ट दिसतो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा खूप खोल असला की झाला डीप फोकस.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ऑर्सन वेल्सचा १९४१चा 'सिटिझन केन'. छायाचित्रणकार होते ग्रेग टोलंड. त्या काळी एवढी खोली मिळवणं सोपं नव्हतं. टोलंडनी साधारण २४ मिमीची वाइड लेन्स घेतली आणि तिचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, f/8 किंवा त्याहूनही लहान केलं. तोंड लहान केलं की पट्टा खोल होतो, पण प्रकाश कमी पडतो. म्हणून जास्त संवेदनशील फिल्म, कोटिंग केलेल्या लेन्स आणि प्रखर आर्क दिवे वापरावे लागले.

आता तुमचा फोन घ्या. सेन्सर लहान असल्यामुळे मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ अवघी सात मिमीच्या आसपास असते. मी हिशेब करून पाहिला: f/1.8 असताना अशा फोनचा फोकस सुमारे तीन मीटरवर ठेवला, तर दीड मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. टोलंडच्या लेन्सचा f/8चा हिशेबही जवळपास तेवढाच येतो! म्हणजे त्यांनी ढीगभर दिवे लावून जे मिळवलं, ते तुमच्या खिशात आयतं आहे.

मग प्रश्न उरतो, सगळंच स्पष्ट असेल तर बघणाऱ्याने बघायचं काय? यासाठी 'केन'मधला बर्फाचा प्रसंग नीट बघा. लहानगा चार्ल्स बाहेर बर्फात खेळतोय. कॅमेरा खिडकीतून मागे सरकत घरात येतो. पुढे उजवीकडे टेबलाशी त्याची आई आणि बँकर थॅचर कागदपत्रं घेऊन बसतात. मध्ये डावीकडे वडील उभे राहून विरोध करतायत. आणि अगदी मागे, खिडकीच्या चौकटीत, चार्ल्स. त्याला घरापासून दूर पाठवायचं आत ठरतंय आणि त्याला पत्ताच नाही.

फ्रेममध्ये तो बोटभर दिसतो, तरी नजर पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते. कारण खिडकी म्हणजे चौकटीतली चौकट, मागचा बर्फ उजळ, पोरगं सतत हलतंय आणि त्याचा आवाज आत ऐकू येतोय. वडील खिडकी बंद करतात तेव्हा तो आवाज तुटतो आणि तुटल्यामुळेच जाणवतो. मग आई उठून खिडकी पुन्हा उघडते. समीक्षक आंद्रे बाझँ म्हणत की अशा शॉटमध्ये काय बघायचं हे ठरवायला प्रेक्षक जास्त मोकळा असतो. मला हे अर्धंच पटतं. मागचा चार्ल्स धूसर असता तर तो निव्वळ पार्श्वभूमी झाला असता, हे खरं. पण नजर वळवण्याचं काम इथेही चालूच आहे, फक्त ते फोकसऐवजी जागा, उजेड, हालचाल आणि आवाज करतायत.

खोलीलाही मर्यादा असते बरं का. याच सिनेमात सुझनने विष घेतल्याच्या शॉटमध्ये पेला लेन्सच्या अगदी जवळ आहे आणि दार दूर मागे. एका एक्सपोजरमध्ये हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तीच फिल्म मागे गुंडाळून दोनदा एक्सपोज केली. तुमच्या फोनलाही हीच अडचण येईल. चहाचा कप अर्ध्या फुटावर धरलात तर मागचं धूसर होणारच.

करून बघायचं असेल तर पोर्ट्रेट किंवा सिनेमॅटिक मोड बंद करा आणि 1x ठेवा, कारण टेलिफोटो लेन्सवर पट्टा उथळ होतो. सगळ्यात जवळचा माणूस दीड-दोन मीटरवर राहील असे मागे सरका. मग तीनेक मीटरवरच्या वस्तूवर बोट दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK दिसेल, बाकी बऱ्याच फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. मागच्या माणसाला दारात किंवा खिडकीत, उजेडाच्या बाजूला उभं करा आणि त्याला काहीतरी हालचाल द्या.

शूट झाल्यावर झूम करून पुढचा आणि मागचा चेहरा तपासा. मागचा माणूस पुसट असेल, पण त्याच्याच शेजारची भिंत स्पष्ट असेल, तर दोष फोकसचा नाही. उजेड कमी होता, शटर जास्त वेळ उघडं राहिलं आणि माणूस हलला. भिंतही तितकीच पुसट असेल तर फोकस पुढे अडकलाय, किंवा फोनच हललाय. फोन हलला असेल तर पुढचा चेहराही पुसट दिसेल.