केसांचे विरंजन : लाल छटा

केसांतील रंगद्रव्य ऑक्सिडीभवनाने फिके करणे म्हणजे विरंजन. बोलीत ब्लीच करणे. या क्रियेत काळा-तपकिरी रंग आधी ओसरतो आणि लाल-नारिंगी छटा मागे रेंगाळते. जन्मतः लाल असलेल्या केसांत हा प्रकार सर्वांत ठळक दिसतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अशाच केसांचा विचार केला आहे.

रंगद्रव्ये : केसांचा रंग दोन प्रकारच्या मेलानिनमुळे ठरतो. युमेलानिन काळे-तपकिरी असते, तर फिओमेलानिन पिवळसर ते लालसर असते आणि त्याच्या रेणूत गंधक असते. बहुतेक माणसांच्या केसांत ही दोन्ही असतात, फक्त प्रमाण वेगळे. १६व्या गुणसूत्रावरील एमसी१आर या जनुकाच्या काही रूपांमुळे पेशी युमेलानिनकडे पुरेशी वळत नाही आणि फिओमेलानिनचे प्रमाण वाढते. लाल केसांशी या जनुकाचा संबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. असे केस स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये तुलनेने जास्त आढळतात.

इतिहास : हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध फ्रेंच रसायनज्ञ तेनार यांनी १८१८ मध्ये लावला. केसांसाठी त्याचा गाजलेला वापर १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनातला. लंडनचे रसायनज्ञ टिएले आणि पॅरिसचे केशप्रसाधक ह्यूगो यांनी तेथे सुमारे ३ टक्के द्रावणाने केस सोनेरी करून दाखवले. आजच्या ब्लीच पावडरीत पोटॅशियम, अमोनियम किंवा सोडियम यांची परसल्फेटे आणि अल्कली असतात. ती पेरॉक्साइडच्या द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, कालवतात. डेव्हलपरच्या बाटलीवरील २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड.

लाल छटा का टिकते : विरंजन दोन टप्प्यांत होते, असे वुल्फ्रम व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले. आधी मेलानिनचे कण विरघळतात, मग विरघळलेले द्रव्य हळूहळू रंगहीन होते. पहिला टप्पा तुलनेने लवकर उरकतो, दुसरा लांबतो. युमेलानिन दृश्य प्रकाशाचा जवळजवळ सगळा पट्टा शोषते, म्हणून ते कमी होताच केस एकदम उजळतात. फिओमेलानिन मात्र मुख्यतः निळ्या बाजूचा प्रकाश शोषते. ते थोडे उरले तरी निळा भाग अडतो आणि डोळ्याला नारिंगी किंवा पिवळा रंग दिसतो. त्यामुळे युमेलानिन गेल्यावर लाली वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती आधीपासून असते, फक्त तिच्यावरचे आवरण निघालेले असते.

दुसरे कारण रासायनिक आहे. जपानमधील इतो आणि वाकामात्सु यांनी मेलानिन मोजण्यासाठी वापरलेल्या एका पद्धतीत अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडच असते, म्हणजे ब्लीचच्या कपातलेच मुख्य रसायन. त्यात फिओमेलानिन तुटून जो ओळखीचा तुकडा हाती लागतो, त्यात गंधकयुक्त वलय शाबूत असते. लाल छटेच्या चिवटपणाचा संबंध अनेक जण या वलयाशी जोडतात. मात्र एवढ्यावरून हेच एकमेव कारण ठरत नाही.

काळे केस ब्लीच करताना येणाऱ्या नारिंगी रंगाबद्दल मतभेद आहेत. सलूनच्या पाठ्यक्रमात त्याला सरसकट ‘उरलेले फिओमेलानिन’ म्हणतात. परंतु काळ्या केसांत ते थोडेच असते. अर्धवट तुटलेले युमेलानिनही पिवळसर-तपकिरी दिसते, त्यामुळे दोन्हींचा वाटा असण्याची शक्यता आहे.

छटांचा क्रम : सलूनमध्ये केसांची गडदता १ (काळा) ते १० (अतिफिका सोनेरी) अशी मोजतात. काळे केस गडद तांबूस-तपकिरी, लाल, लाल-नारिंगी, नारिंगी, नारिंगी-पिवळा, पिवळा आणि फिका पिवळा या पायऱ्यांनी उतरतात. नैसर्गिक लाल केसांची सुरुवात बहुधा ५ ते ७ च्या दरम्यान होते, त्यामुळे गडद पायऱ्या त्यांना लागतच नाहीत. तांबूस रंग काही मिनिटांत तेजस्वी नारिंगी होतो आणि काम झटपट होईल असे वाटते. पण पुढे नारिंगीवर केस बराच वेळ थबकतात. त्यानंतर जर्दाळूसारखी सोनेरी-नारिंगी छटा, मग गडद पिवळा आणि अखेर फिका पिवळा येतो. शेवटच्या पायरीवरही अनेकदा किंचित पीच छटा राहते. याखाली केराटिनचा स्वतःचा फिकट पिवळा रंग असतो. तो ब्लीचने निघत नाही, म्हणून शुभ्र पांढरा रंग केवळ ब्लीचने मिळत नाही.

उदाहरण : खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले ६ पातळीचे तांबूस केस फिके सोनेरी करायचे आहेत, असे समजू. पहिल्या फेरीत ३० ग्रॅम पावडर आणि ६० मिलि. ६ टक्के डेव्हलपर या प्रमाणात मिश्रण करतात. ते मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावतात. टाळूजवळचे दोनेक सेंटिमीटर नंतर लावतात, कारण डोक्याच्या उष्णतेने तेथे क्रिया वेगाने होते. दर दहा मिनिटांनी एक बट पुसून पाहतात, कारण मिश्रणाखाली खरा रंग कळत नाही. मिश्रण वाळले की क्रिया थांबते. ४० ते ४५ मिनिटांनी केस साधारण ८ पातळीवर, सोनेरी-नारिंगी होतात. येथे धुऊन थांबायचे. काही आठवड्यांनी, केसांची स्थिती पाहून, दुसरी फेरी केवळ नारिंगी उरलेल्या भागावर करतात. केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा पिवळा दिसला की ब्लीच काढतात आणि जांभळ्या टोनरने पिवळेपणा झाकतात. नारिंगीवर निळा टोनर चालतो. टोनर छटा फक्त झाकतो. तो धुतला जाताच ती परत दिसते.

नारिंगी लवकर घालवण्यासाठी १२ टक्के डेव्हलपर घेणे ही नेहमीची चूक आहे. पेरॉक्साइड रंगद्रव्यासोबत केराटिनमधील गंधकाचे दुवेही तोडते, आणि दुवे तुटण्याचा वेग रंग निघण्याच्या वेगापेक्षा जास्त वाढू शकतो. ओला केस ताणल्यावर रबरासारखा लांबून परत आला नाही, किंवा चिकट वाटला, तर ब्लीच तिथेच बंद करावे.

रंगवलेले लाल केस : कृत्रिम लाल रंग मेलानिनपेक्षा वेगळ्या रीतीने तुटतो आणि बऱ्याचदा गुलाबी डाग मागे ठेवतो.

मेंदी : मेंदीतील लॉसोन केराटिनशी जोडले जाते आणि ब्लीचला सहज दाद देत नाही. महाराष्ट्रात केसांना मेंदी लावण्याची सवय मोठी असल्याने ही बाब येथे विशेष लागू पडते. काही तयार मेंदी पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात. ते पेरॉक्साइडशी भिडले की केस तापतात, प्रसंगी तुटतात. असे क्षार केसांत आहेत का हे तपासण्यासाठी ३० मिलि. ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये २८ टक्के अमोनिया द्रावणाचे २० थेंब घालून, कापलेली एक बट त्यात अर्धा तास ठेवतात. वाफ, उष्णता, उग्र वास किंवा रंगात अचानक बदल यांपैकी काहीही दिसले तर त्या केसांवर ब्लीच करू नये.