कड नेमकी कुठे? : धूसरतेच्या मापाचा एक इतिहास

संगणकाला छायाचित्र दिसत नाही. त्याला उजळपणाच्या आकड्यांच्या ओळी मिळतात. त्या आकड्यांत वस्तूची कड कुठे आहे, हे कसे ठरवायचे? लॅरी रॉबर्ट्स यांनी १९६३ च्या प्रबंधात शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढला. फरक मोठा, तिथे कड. पण ‘मोठा’ म्हणजे किती, हे माणसालाच ठरवावे लागे. शिवाय हळूहळू उजळत जाणारी कड एका रेषेऐवजी जाड पट्टा होऊन बसे.

१९८० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात डेव्हिड मार आणि एलन हिल्ड्रेथ यांचा कडांविषयीचा निबंध आला. दोघेही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. त्यांनी फरकांचाही फरक, म्हणजे दुसरा विकलज, पाहायला सांगितले. एक ओळ घेऊ : १०, १०, १०, २०, ४०, ५०, ५०, ५०. फरक येतात ०, ०, १०, २०, १०, ०, ०. त्यांचे पुन्हा फरक : ०, १०, १०, −१०, −१०, ०. अधिकाचे उणे होते ते २० आणि ४० यांच्या मधोमध, जिथे चढ सर्वांत तीव्र आहे तिथेच. या चिन्हबदलाच्या जागेला शून्यछेद म्हणू. कड पुसट असो की ठळक, जागा तीच राहते.

अडचण वेगळीच होती. सपाट भिंतीच्या चित्रातही आकडे थोडे थरथरतात : ५०, ५२, ४९, ५१. फरक २, −३, २. दुसरे फरक −५, ५. भिंतीवर काहीही नसताना शून्यछेद हजर! म्हणून आधी चित्र धूसर करावे लागते. त्यासाठी घंटेच्या आकाराचा गाउसचा वक्र वापरतात : प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांची सरासरी, जवळच्यांना जास्त वजन. वक्राची रुंदी ‘सिग्मा’ या मापाने सांगतात. सिग्मा वाढवला की थरथरीचे शून्यछेद विरळ होतात. मग सिग्मा मोठाच का घेऊ नये?

याचे उत्तर मला कागदावर गणित मांडल्यावर नीट उमगले. काळ्या जमिनीवर चार पिक्सेल रुंदीची पांढरी पट्टी कल्पा. तिच्या कडा मध्यापासून दोन-दोन पिक्सेलवर आहेत. सिग्मा १ घेतला तर शून्यछेद जवळजवळ २ वरच येतात. सिग्मा २ केला की ते २.४ वर सरकतात, आणि सिग्मा ४ ला सुमारे ४.२ वर. म्हणजे चार पिक्सेलची पट्टी आठांहून अधिक रुंद भासते. आणखी मोठ्या मापाला शून्यछेदाचे अंतर पट्टीपेक्षा सिग्मावरच अवलंबून राहते. आपण पट्टी नव्हे, आपलाच चष्मा मोजत असतो. एकाकी सरळ कड मात्र कुठल्याही सिग्माला जागची हलत नाही. घोळ होतो तो दुसरी कड सिग्माच्या टप्प्यात आली की.

मार आणि हिल्ड्रेथ यांनी एकच माप निवडले नाही. मानवी दृष्टीत वेगवेगळ्या रुंदीच्या वाहिन्या असतात, या प्रयोगांवर आधारलेल्या मताचा आधार घेऊन त्यांनी अनेक मापे एकत्र वापरली. लागोपाठच्या मापांना शून्यछेद एकाच जागी आले, तर तिथे खरी कड मानावी. जुळले नाहीत, तर मोठ्या मापात जवळजवळचे बदल मिसळले असावेत, किंवा दोन मापांना दोन निराळ्या गोष्टी दिसत असाव्यात. आमची पट्टी पहिल्या प्रकारातली. न जुळणे हीसुद्धा माहितीच ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मार ल्युकेमियाने गेले.

१९८३ मध्ये अँड्र्यू विटकिन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी सिग्मा टप्प्याटप्प्याने न बदलता सलग बदलत नेला आणि प्रत्येक शून्यछेदाचा माग काढला. एका ओळीपुरते बोलायचे, तर गाउसच्या वक्राने धूसर करताना सिग्मा वाढला तरी नवा शून्यछेद जन्मत नाही. जुने जोडीने विझतात. म्हणून मोठ्या सिग्माला टिकलेला शून्यछेद निवडायचा आणि त्याच्या मागाने लहान सिग्माकडे उतरायचे. आमच्या पट्टीत हा माग ४.२ वरून २.४ वर आणि तिथून २ वर येतो. कड आहे की नाही हे मोठे माप सांगते. कुठे आहे हे लहान माप.

दोन मितींच्या चित्रात हा माग इतका सरळ नसतो, कारण तिथे शून्यछेदांच्या वक्ररेषा दुभंगतात. जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये दुसरी वाट धरली आणि पहिल्या विकलजाचे शिखर शोधले. पण तोच व्यवहार त्यांच्या गणितातूनही निघाला. माप मोठे केले की कड सापडण्याची खात्री वाढते आणि जागेची अचूकता घटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तेव्हा छायाचित्रावरून कुणी रुंदी मोजून सांगितली, तर सिग्मा किती होता हे विचारावे, आणि तो निम्मा करून पुन्हा मोजायला सांगावे. दोन्ही उत्तरे जुळली, तर ती रुंदी बहुधा वस्तूची. जुळली नाहीत, तर पहिल्या उत्तरात मापाचाही वाटा आहे असे समजावे.