टॅपिओका मोती: शिजवणे व पाकात मुरवणे

कसाव्हाच्या कंदातील स्टार्चपासून वळलेल्या आणि बहुधा काळ्या-तपकिरी रंगाच्या गोळ्या. दुधाच्या गार चहात या गोळ्या घालून जाड नळीने ओढून खातात. तैवानमध्ये या पेयाला ‘मोती दूध-चहा’ अशा अर्थाचे नाव आहे. बाहेरच्या देशांत ते बबल टी किंवा बोबा म्हणून ओळखले जाते. उत्तम मोती दाताला चिवट लागतो, पण चावताच तुटतो, आणि आत-बाहेर त्याचा पोत एकच असतो. या पोताला तैवानी लोक ‘क्यू’ म्हणतात.

उगम. हे पेय १९८० च्या दशकात तैवानमध्ये रूढ झाले. ताइचुंगचे छुन श्वेई थांग आणि ताइनानचे हानलिन ही दोन्ही चहागृहे जनकत्वाचा दावा करतात. त्यांचा वाद न्यायालयातही गेला होता.

साबुदाण्याशी नाते. भारतातला साबुदाणाही कसाव्हाचाच, आणि त्याचे मोठे उत्पादन तमिळनाडूतील सेलम भागात होते. त्यामुळे मराठी स्वयंपाकघरात मोत्यांचे पाकीट आले की पहिला विचार भिजत घालण्याचा येतो, आणि पहिली चूकही तीच होते. साबुदाणा कारखान्यातच तापल्या पत्र्यावर अर्धवट शिजलेला असतो. त्याच्या कवचातील स्टार्च आधीच फुगून जुळलेला असल्यामुळे तो भिजला तरी दाणा शाबूत राहतो. बबल टीच्या कोरड्या मोत्यात मात्र बराचसा स्टार्च कच्चा असतो. गार पाण्यात तो सुटतो आणि अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी पांढरी पेज उरते. म्हणून हे मोती न धुता, न भिजवता थेट खळखळत्या पाण्यात सोडतात. पृष्ठभागावर तत्क्षणी पातळ पारदर्शक कातडी धरते आणि मोती फुटत नाही.

कणी का राहते. भात उतरवताना शितात कणी राहिली की आपण म्हणतो, आच कमी पडली. मोत्याच्या बाबतीत हे निदान बहुतेक वेळा चुकते. आठ-दहा मिलिमीटरच्या गोळीच्या मध्यापर्यंत उष्णता काही मिनिटांतच पोचते. पोचत नाही ते पाणी. टॅपिओकाचा स्टार्च भरपूर पाण्यात साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला फुगू लागतो. पाणी अपुरे असेल तर त्याला याहून पुष्कळ जास्त तापमान लागते, आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यात ते मिळणे शक्य नसते. शिवाय बाहेरचा थर आधी शिजून घट्ट जेली झालेला असतो. आत जाणाऱ्या पाण्याला त्या जेलीतून झिरपावे लागते आणि तो प्रवास संथ असतो. मध्यभाग गरम असूनही कोरडा राहतो. मोती कापल्यावर दिसणारा पांढरा अपारदर्शक ठिपका म्हणजे हीच कणी.

यावर आच वाढवणे हा उपाय नव्हे. जोरात उकळत ठेवले तर बाहेरचा थर झिजून पाण्यात उतरतो, मोती बुळबुळीत होतो आणि आतली कणी मात्र तशीच राहते. खरा उपाय आच बंद करून झाकण ठेवण्याचा आहे. गरम पाण्यात मुरताना मोती एकमेकांवर आपटत नाहीत, बाहेरचा थर झिजत नाही आणि पाणी आपल्या गतीने मध्यापर्यंत पोचते. अनेक कृतींत ‘हवे असल्यास’ म्हणून उरकलेली ही पायरी उकळण्याइतकीच आवश्यक आहे.

एक प्रमाण. कोरडे मोठे मोती १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. याहून कमी पाणी घेतले तर सुटलेल्या स्टार्चने ते खळीसारखे दाटते आणि मोती तळाला धरतात. पाणी पूर्ण उकळल्यावर मोती हळूहळू सोडावेत आणि ते तळाशी चिकटू नयेत म्हणून लाकडी उलथन्याने हलकेच ढवळावेत. काही मिनिटांत ते वर तरंगतात. ही शिजल्याची खूण नव्हे, फक्त कातडी धरल्याची आहे. त्यानंतर मध्यम आचेवर, झाकण किंचित उघडे ठेवून, ३० मिनिटे शिजवावेत. या टप्प्यावर एक मोती सुरीने मधोमध कापला तर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसू शकतो, घाबरू नये. आच बंद करून झाकण घट्ट लावावे. २० मिनिटांनी दुसरा मोती कापावा. ठिपका आता खसखशीएवढा उरलेला असेल तर आणखी १० मिनिटे थांबावे. काप आरपार एकरंगी आणि चकचकीत दिसला की मोती झाले. ठिपका हलत नसेल तर भांडे पुन्हा मंद आचेवर ठेवून पाच-पाच मिनिटांनी तपासावे. ‘झटपट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोत्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांची वेळ पाकिटावरून घ्यावी.

शेवटी मोती चाळणीत ओतून गार पाण्याखाली थोडा वेळ धरावेत. पृष्ठभागावरची खळ निघून जाते व मोती सुटे होतात.

पाक. तैवानमध्ये यासाठी काळी साखर, म्हणजे उसाची अशुद्ध गडद साखर वापरतात. आपला गूळ तिचा जवळचा भाऊबंद आहे. वरील प्रमाणाला १०० ग्रॅम गूळ किंवा तपकिरी साखर आणि तितकेच पाणी घ्यावे. पाक गुलाबजामच्या पाकासारखा बोटाला चिकट लागावा, त्याला तार येऊ नये. निथळलेले मोती कोमट पाकात घालून २० ते ३० मिनिटे मुरवावेत. पाकामुळे मोत्यांना गोडी येते, ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि त्यांचा पृष्ठभाग वाळून कडक होत नाही.

पाक कधी घालायचा, यावर सारे अवलंबून आहे. साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि स्टार्च फुगण्याचे तापमान वाढवते. म्हणून शिजवण्याच्या पाण्यातच साखर टाकली, किंवा कणी असलेले मोती ‘पाकात होतील’ या भरवशावर पाकात टाकले, तर कणी पक्की होते. एकतारी पाकात तर चांगला शिजलेला मोतीही आकसून कडक होतो, कारण पाक त्याचेच पाणी ओढून घेतो. कणी पाकात घातल्यावर लक्षात आली तर मोती धुऊन पुन्हा साध्या उकळत्या पाण्यात घालावेत. पाक उकळत बसू नये.

नंतर येणारा कडकपणा. हा दोष वेगळा आहे आणि कापून ओळखता येतो. कणी मध्यभागीच असते आणि तिची कड स्पष्ट दिसते. शिजून गार झालेला मोती मात्र सर्वांगाने निस्तेज, धुरकट व टणक होतो. स्टार्चचे रेणू गार होताना पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात व पाणी बाहेर ढकलतात. फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत वेगाने घडते. पाकाने हा वेग मंदावतो, थांबत नाही. त्यामुळे मोती त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत संपवावेत आणि तोवर पाकासह कोमट ठेवावेत. फ्रिजमधले मोती मिनिट-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घातले तर बराचसा मऊपणा परततो, पण पहिली चिवटाई येत नाही.

भेसळ. चिवटपणासाठी कारखाने रासायनिक बदल केलेले स्टार्चही वापरतात; त्यांतले काही प्रकार खाद्य म्हणून मान्य आहेत. २०१३ मध्ये तैवानमध्ये मोत्यांसह अनेक पदार्थांत मालेइक आम्लाचा अंश असलेला, परवानगी नसलेला स्टार्च सापडला. माल मोठ्या प्रमाणात परत घेण्यात आला आणि सिंगापूरमध्येही काही तैवानी उत्पादने बाजारातून काढावी लागली.

पोषण. जवळजवळ केवळ स्टार्च व साखर.

खबरदारी. लहान मुलांना हे मोती नळीने देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात.