बॅड म्हणजे वाईट, आणि बॅड म्हणजे भारी

आजचा एपिसोड एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दाबद्दल आहे: बॅड. पहिली-दुसरीत ‘गुड’च्या विरुद्धार्थी म्हणून आपण तो पाठ केला. पण अमेरिकेत कुणी एखाद्या गिटारवाल्याकडे बघून मान हलवत ‘ही इज बॅड’ म्हणालं, तर बहुतेक वेळा ती दाद असते. सिक आणि विकेड या शब्दांचंही तसंच. शब्दाचा अर्थ असा वरच्या पायरीवर चढला की भाषाशास्त्रात त्याला अर्थोत्कर्ष म्हणतात. पण असं चढण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि शिकणाऱ्याचा गोंधळ त्यातल्या एकातच होतो.

आधी साधा प्रकार बघू. नाईस हा शब्द लॅटिनमधल्या ‘न जाणणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून, जुन्या फ्रेंचमार्गे, साधारण 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे तो नाजूक, मग चोखंदळ, मग काटेकोर असा सरकत गेला आणि अठराव्या शतकात ‘छान’पाशी पोचला. आपल्याकडे मुग्ध या शब्दाने हाच रस्ता धरला. मुह् म्हणजे गोंधळणे, भान हरपणे. या एकाच धातूपासून मूढ आणि मुग्ध अशी दोन रूपं झाली. मूढ तिथेच राहिला, आणि मुग्ध मात्र भोळा, निरागस, मोहक असं करत वर गेला. आज कुणाला मुग्ध म्हटलं तर राग येत नाही, मूढ म्हणून बघा.

या प्रकारात जुना अर्थ मरून जातो. आज नाईस म्हणजे मूर्ख असं कुणीच वापरत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याची अडचण होत नाही. अडचण झाली तर ती फक्त शेकडो वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचणाऱ्याची.

बॅडचं तसं नाही. त्याचे दोन्ही अर्थ आज जिवंत आहेत. एकच माणूस सकाळी बॅड दूध ओतून देतो आणि संध्याकाळी बॅड ड्रमर ऐकून खूश होतो. हे कसं झालं, त्यासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या इंग्रजीकडे जावं लागतं.

गुलामगिरीच्या काळात मळ्याचा मालक कुणाला वाईट म्हणत असेल? जो सांगितलेलं ऐकत नाही, पळून जातो, उलट उत्तर देतो, त्याला. आता त्याच माणसाकडे शेजारच्या झोपडीतून बघा. मालकाची तक्रार तिथे कौतुक होते. शब्द तोच, माणूस तोच, फक्त बोलणारा बदलला. बॅड उलटा कसा झाला याचं हे स्पष्टीकरण अभ्यासक नेहमी देतात, आणि मला ते पटतं, कारण पुढच्या लोकगीतांमध्ये हाच ‘बॅड मॅन’ भेटत राहतो. 1895 च्या ख्रिसमसच्या रात्री सेंट लुईस शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात ली शेल्टन नावाच्या माणसाने बिली लायन्सवर गोळी झाडली. भांडणात एका टोपीचा विषय होता. लायन्स मेला, शेल्टन तुरुंगात गेला. पण गाण्यांमध्ये तो ‘स्टॅगर ली’ होऊन बसला: कुणालाच न घाबरणारा, कायद्यालाही न जुमानणारा. गाणाऱ्यांना खून आवडत होता असं नाही. ज्यांना रोज मान खाली घालून जगावं लागायचं, त्यांना मान खाली न घालणारा माणूस हवा होता.

दुसरा एक धागा आफ्रिकेतून येतो असं डेव्हिड डाल्बी या अभ्यासकाने मांडलं. पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंगो भाषेत ‘फार चांगलं’ म्हणायला ‘वाईट’ या अर्थाचा शब्द जोर देण्यासाठी जोडतात. सगळ्यांना हे मान्य नाही. पण मराठी माणसाला यात अशक्य काही वाटू नये, कारण आपण ‘भयंकर सुंदर’ आरामात म्हणतो.

कागदावरचा पुरावा 1897 चा आहे. जॉर्ज एड या गोऱ्या लेखकाच्या ‘पिंक मार्श’ या पुस्तकात शिकागोतल्या न्हाव्याच्या दुकानात बूट पुसणारा एक कृष्णवर्णीय माणूस आहे. तो एका बाईच्या हातच्या पोर्क चॉपचं कौतुक करताना तो खायला बॅड आहे असं म्हणतो. म्हणजे निदान सव्वाशे वर्षं तरी हा अर्थ चालू आहे. ‘आजकालच्या पोरांनी भाषा बिघडवली’ म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं.

पुढे तो मोठ्या मंचावर आला. फेब्रुवारी 1964 मध्ये मायामी बीचला सनी लिस्टनला हरवल्यावर बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे नंतरचा मुहम्मद अली, आपण बॅड मॅन आहोत असं रिंगमधून ओरडून सांगत होता. 1986 मध्ये रन-डीएमसीच्या ‘पीटर पायपर’ गाण्यात इथे बॅडचा अर्थ उलटा घ्यायचा हे चक्क समजावून सांगितलं. आणि 1987 मध्ये मायकल जॅक्सनचा ‘बॅड’ अल्बम आला, मग तो अर्थ जगभर गेला.

आता माझ्या आवडीची गोष्ट. हे नुसतं लाडिक बोलणं नाही, व्याकरणातसुद्धा दोन शब्द वेगळे पडलेत. शाळेतला बॅड चालतो बॅड, वर्स, वर्स्ट असा. कौतुकाचा बॅड मात्र बॅड, बॅडर, बॅडेस्ट असा चालतो. माईक टायसनला लोक ‘बॅडेस्ट मॅन ऑन द प्लॅनेट’ म्हणायचे. तिथे वर्स्ट घालून बघा, सरळ अपमान होईल. स्वरही फरक दाखवतो. कौतुक करताना मधला स्वर लांबवतात, आणि 1971 मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्सने आपल्या सिनेमाच्या नावाच्या स्पेलिंगमध्येच तो ताणून छापला. मी दिवसभर कोड लिहितो, तर माझ्या भाषेत सांगायचं म्हणजे नाव एकच आहे, पण व्हेरिएबल दोन आहेत.

सिक हा नंतरचा. कौतुकाच्या अर्थाने तो 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलीत रुळला. स्केटबोर्डिंग आणि सर्फिंग करणाऱ्यांच्या तोंडी तो खूप ऐकू येतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशी उडी, म्हणून सिक. आणि इथे तर तीन-चार अर्थ एकत्र नांदतात. आजारी आहेच. ब्रिटनमध्ये ‘ही वॉज सिक’ म्हणजे त्याला उलटी झाली. ‘सिक जोक’ म्हणजे किळसवाणा, विकृत विनोद. आणि सिक म्हणजे अफलातून.

या गोंधळाची किंमत काय असते ते मी जवळून बघितलंय. आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर होता, साताऱ्याकडचा, मराठी माध्यमातून शिकलेला आणि कामाला एकदम तयार. त्याने दोन दिवस खपून एका संथ क्वेरीचं काम नव्याने लिहिलं. परदेशातल्या सीनिअरने त्याखाली एवढंच लिहिलं: धिस इज सिक, हाऊ डिड यू गेट इट धिस फास्ट? त्याने डिक्शनरी बघितली. पहिला अर्थ आजारी, पुढे विकृत वगैरे. आणि फास्ट म्हणजे ‘घाईत उरकलंस’ असा त्याने अर्थ लावला. रात्री त्याने ते सगळं काढून जुना कोड परत टाकला आणि वर माफीही लिहिली. सकाळी तो सीनिअर चक्रावला. काम वाचलं, कारण आधीचं सगळं जतन होतं. पण तो मुलगा पुढचे कित्येक दिवस मीटिंगमध्ये तोंड उघडत नव्हता.

त्याच वाक्यावर आपण एकदा नीट हात फिरवू. पहिलं बघायचं, सिक कशाला म्हटलंय. माणसाला असेल तर बहुधा आजारी. कोड, गाणं, उडी अशा गोष्टींना आजार होत नाही, म्हणजे उरले विकृत किंवा भारी. दुसरं, विकृत म्हणण्यासारखं समोर काही आहे का? क्रौर्य, घाणेरडा विनोद? क्वेरीमध्ये ते कुठून असणार. तिसरं, पुढचं वाक्य काय करतंय. ‘एवढं वेगवान कसं केलंस’ हा प्रश्न नावडलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही. चूक सापडली असती तर कुठली ओळ बदल ते सांगितलं असतं. तीन पायऱ्यांत उत्तर मिळतं, आणि यातली एकही पायरी डिक्शनरीत नाही. तिथे अर्थ ओळीने छापलेले असतात, पण कोण कुणाला कशाबद्दल बोलतंय ते तिला ठाऊक नसतं.

हा उपाय दरवेळी चालतो असं मात्र नाही. ‘ही इज सिक’ एवढंच लिहिलं असेल तर तो सुट्टीवर आहे की गिटार भारी वाजवतो, हे नुसत्या वाक्यावरून कळायला मार्ग नाही. तेव्हा सरळ विचारावं, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही विचारतात. आणि चेष्टेत, टोमण्यात हे शब्द परत जुन्या अर्थाकडे वळू शकतात.

मराठी शिकायला आलेल्या माणसाची आपण हीच अवस्था करतो. त्याने भयंकर म्हणजे भीती वाटेल असं, खतरनाक म्हणजे धोक्याचं, भारी म्हणजे वजनदार असं पाठ केलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘काल जेवण खतरनाक होतं, मला भयंकर आवडलं.’ तो बिचारा विषबाधेची चौकशी करतो. त्याला हसण्याआधी वरच्याच तीन पायऱ्या सांगा: कशाला म्हटलं, धोक्याचं समोर काही आहे का, आणि पुढे काय म्हटलं. ‘आवडलं’ या शब्दाने सगळं उघड केलंय.

एक शेवटचं. हे शब्द समजणं आणि वापरणं यात फरक आहे. बॅडचं कौतुक एका विशिष्ट समाजातून, त्यांनी सोसलेल्या गोष्टींतून आलं. वर सांगितलेले स्वर आणि रूपं कानात बसेपर्यंत नुसतं ऐकावं. क्लायंटच्या कामाला लेखी बॅड म्हणायची घाई तर नकोच. तिथे गुड लिहिलं तरी चालतं.

तुमच्या गावाकडे असा उलटा फिरलेला एखादा शब्द असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.