बीजकावरील कर (वस्तू व सेवा कराची उदाहरणे)

वस्तू व सेवा कर भारतात १ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्याच्या बीजकावरील उदाहरणात पहिली पायरी करपात्र किंमत ठरवण्याची. बीजकात दाखवलेली व्यापारी सूट आधी वजा होते, मग कर लागतो. पुण्याच्या विक्रेत्याने १०,००० रुपयांचा माल १० टक्के सुटीने विकला, तर करपात्र किंमत ९,००० रुपये. दर १८ टक्के असल्यास कर १,६२० आणि बीजकाची रक्कम १०,६२० रुपये. ग्राहक नाशिकचा असेल, तर केंद्राचे ८१० व राज्याचे ८१० असे दोन भाग दाखवतात. तोच माल मडगावला पाठवला, तर एकात्मिक कर १,६२० एकाच ओळीत येतो.

खरी चूक करासहित किंमत दिली की होते. १,१८० रुपयांत १८ टक्के कर धरलेला असताना विद्यार्थी १,१८० चेच १८ टक्के, म्हणजे २१२.४० रुपये काढतात. वास्तविक १,१८० ही रक्कम मूळ किमतीच्या ११८ टक्के आहे; म्हणून १,१८० × १०० ÷ ११८ = १,००० रुपये मूळ किंमत आणि कर १८० रुपये. पडताळा सोपा: मिळालेल्या किमतीवर पुन्हा कर लावावा. १,१८० मधून २१२.४० वजा करून आलेल्या ९६७.६० वर तो लावल्यास बेरीज सुमारे १,१४१.७७ येते, १,१८० नव्हे.